2ˣ = 8 येतं, मग log₂(x − 1) = 3 का अडतं? अकरावीच्या वर्कशीटची रचना

प्रश्न: अकरावीला गणित शिकवते. 2ˣ = 8 सारखी उदाहरणं मुलं पटकन सोडवतात, पण लॉग आला की वर्ग गप्प होतो. सोप्या घातांकांपासून लॉगच्या समीकरणांपर्यंत हळूहळू चढत जाणारी एक वर्कशीट करायची आहे. किती प्रश्न घ्यावेत, कोणत्या क्रमानं, आणि अवघडपणा कसा वाढवावा?

उत्तर:

मुलं 2ˣ = 8 सोडवतात तेव्हा बहुतेक जण मनात मोजत असतात. दोन, चार, आठ, म्हणजे तीन. उत्तर बरोबर येतं, पण x ही शोधायची संख्या आहे याची जाणीव त्यात लागतच नाही. म्हणून अडचण लॉगमध्ये सुरू होत नाही, ती त्याच्या आधीच दडलेली असते. लॉग म्हणजे तोच घातांक, फक्त त्याला एक नाव दिलंय. हे नाव कशाला हवं, हे 2ˣ = 10 समोर आल्याशिवाय कळत नाही, आणि नेमका हाच प्रश्न बहुतेक वर्कशीटमध्ये नसतो. 2ˣ = 32 वरून थेट log₂ 32 वर उडी मारली, की मुलांना वाटतं, जे सरळ येत होतं ते उगाच अवघड करून विचारलंय.

अवघडपणा वाढवायचा म्हणून आपण संख्या मोठ्या करतो, अपूर्णांक घालतो. त्यानं हिशेब वाढतो, समज तपासली जात नाही. वर्कशीटचा कस लागतो तो संख्या निवडताना. चुकीच्या रीतीनं बरोबर उत्तर निघत असेल तर तो प्रश्न वाया गेला. या विषयात असे प्रश्न फार आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी घोटाळा 2 या संख्येचा असतो. 2 + 2, 2 × 2 आणि 2² या तिन्हींचं उत्तर 4, त्यामुळे मुलानं नक्की कोणती क्रिया केली ते कागदावरून कळत नाही.

प्रश्न किती, हे परिस्थितीवर ठरतं. अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवायला वर्गाला वेळ लागत असेल तर शेवटचा टप्पा अर्धा करा, नाहीतर लॉगची परीक्षा घेता घेता वर्गसमीकरणाचीच घेतली जाईल. लॉगचे नियम शिकवून झालेले नसतील तर पहिले तीनच टप्पे द्या. इथे मी धरून चालतो की नियम एकदा फळ्यावर झाले आहेत, कॅल्क्युलेटर नाही आणि तीन तासिका हाताशी आहेत. तेवढ्यात २८ प्रश्न बसतात: पहिल्या दिवशी ९, दुसऱ्या दिवशी १०, तिसऱ्या दिवशी ९.

पहिला टप्पा: पाया सारखा करणं (५ प्रश्न)

2ˣ = 32
5ˣ = 1
3ˣ = 1/9
8ˣ = 4
9ˣ⁻¹ = 27

उत्तरं अनुक्रमे 5, 0, −2, 2/3 आणि 5/2. हा टप्पा दहा-बारा मिनिटांत संपायला हवा. चौथ्या प्रश्नाकडे मात्र नीट पाहा. अपूर्णांक घातांकासाठी सहसा 4ˣ = 2 दिला जातो. त्याचं उत्तर 1/2, आणि 2 ला 4 नं भागलं तरी 1/2 च येतं. म्हणजे ज्या मुलाला घातांक म्हणजे भागाकार वाटतो त्यालाही पूर्ण गुण मिळतात. 8ˣ = 4 मध्ये भागाकार करणारा 1/2 लिहितो आणि पाया 2 करणारा 2³ˣ = 2² लिहून 2/3 वर पोहोचतो. नुसतं उत्तर पाहून दोघं वेगळे ओळखता येतात. पाचव्या प्रश्नात उत्तर 2 आलं तर समजायचं की मुलानं 2(x − 1) च्या जागी 2x − 1 लिहिलं. त्याचा घातांकाचा विचार ठीक आहे, कंस सुटलाय.

दुसरा टप्पा: पूल (४ प्रश्न)

2ˣ = 10
3ˣ = 20
2ˣ = 0.3
2ˣ = −4

इथे x काढायला सांगायचं नाही. फक्त विचारायचं: x कोणत्या दोन लगतच्या पूर्णांकांच्या मध्ये आहे? 2³ = 8 आणि 2⁴ = 16, म्हणून पहिल्या प्रश्नात 3 आणि 4 च्या मध्ये. 3² = 9 आणि 3³ = 27, म्हणून दुसऱ्यात 2 आणि 3 च्या मध्ये. तिसऱ्यात 2⁻² = 0.25 आणि 2⁻¹ = 0.5, म्हणून −2 आणि −1 च्या मध्ये. चौथ्याला उत्तर नाही, कारण 2 चा कोणताही वास्तव घात धनच असतो. हा चौथा प्रश्न आत्ता किरकोळ वाटतो, पण तिसऱ्या दिवशीची निम्मी तपासणी त्याच्यावर उभी आहे. म्हणून ‘उकल नाही’ एवढं पुरेसं धरू नका, कारणाची एक ओळ लिहून घ्याच.

पहिल्या प्रश्नावर थोडा वेळ घालवला तर तो वसूल होतो. x साडेतीनपेक्षा जास्त की कमी, असं विचारा. 2 चा साडेतीनावा घात म्हणजे 8√2, साधारण 11.3. तो 10 च्या पुढे जातो, म्हणून x साडेतीनपेक्षा कमी. आणखी जवळ जायचं तर 2¹⁰ = 1024 हे मुलांना पाठ असतं, आणि ते 10³ पेक्षा थोडंच जास्त आहे. दोन्हींचं घनमूळ घेतलं की 2 चा 10/3 वा घात 10 पेक्षा किंचित मोठा ठरतो. म्हणजे x हा 10/3 पेक्षा, म्हणजे 3.33 पेक्षा, किंचित लहान. आता मुलांसमोर एक संख्या नक्की आहे, ती कुठे आहे तेही ठाऊक आहे, फक्त तिला नाव नाही. log₂ 10 हे ते नाव. ‘लॉग’ हा शब्द वर्कशीटवर पहिल्यांदा इथे, दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीला येऊ द्या. पहिल्या दिवशीचे कागद जपून ठेवायला सांगा, शेवटच्या प्रश्नाला ते लागणार आहेत.

तिसरा टप्पा: एकच वाक्य दोन तऱ्हेनं (७ प्रश्न)

log₂ 32
log₅ 1
log₃ (1/9)
log₈ 4
logₓ 64 = 2
log₄ x = −1/2
log₂ (−4)

पहिले चार प्रश्न पहिल्या टप्प्यातलेच आहेत, आणि ते मुद्दाम. मुलांना ते ओळखू येतात, मागचं पान उलटून ती उत्तरं उतरवतात, आणि तेच आपल्याला हवं असतं. दोन्ही प्रश्न एकच आहेत हे सांगावं लागत नाही. प्रत्येक उत्तराशेजारी घातांकाचं वाक्य लिहायची सक्ती मात्र ठेवा: log₈ 4 = 2/3, कारण 8 चा 2/3 वा घात 4.

लॉगच्या वाक्यात तीन जागा असतात: पाया, आतली संख्या आणि उत्तर. पहिल्या चार प्रश्नांत अज्ञात उत्तराच्या जागी आहे, पाचव्यात पायाच्या जागी, सहाव्यात आतल्या संख्येच्या जागी. अज्ञाताची जागा बदलणं हाच या टप्प्यातला चढ, म्हणून संख्या साध्याच ठेवल्यात.

पाचव्यात x² = 64 वरून काही जण ±8 लिहितील. पाया धन हवा आणि 1 नको, ही अट सांगायची जागा हीच. 32 लिहिणारा भागाकार करतोय. सहाव्याचं बरोबर उत्तर 1/2. तिथे −2 आलं तर मुलानं 4 आणि −1/2 चा गुणाकार केलाय, 1/16 आलं तर पाया आणि घातांक यांची अदलाबदल केलीय. सातवा प्रश्न म्हणजे कालचाच 2ˣ = −4. तो ज्यांना आठवतो ते ‘ऋण संख्येचा लॉग नसतो’ हा नियम पाठ न करता लिहितात.

चौथा टप्पा: नियम, आणि नियमांसारखे दिसणारे (३ प्रश्न)

प्रत्येक प्रश्नात दोन राशी द्यायच्या, दोन्हींची किंमत काढायला सांगायची आणि त्या समान आहेत का ते विचारायचं.

log₂ (8 + 8) आणि log₂ 8 + log₂ 8
(log₂ 8)² आणि log₂ (8²)
log₂ 32 ÷ log₂ 8 आणि log₂ (32 ÷ 8)

किंमती पहिल्यात 4 आणि 6, दुसऱ्यात 9 आणि 6, तिसऱ्यात 5/3 आणि 2. तिन्ही जोड्या असमान. पहिल्यात 6 ही खरं तर log₂ (8 × 8) ची किंमत आहे. 8 × 8 म्हणजे 2³ × 2³, घातांकांची बेरीज 6. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, हा नियम घातांकाच्या नियमातूनच आलाय हे इथे संख्यांमधून दिसतं.

आता याच प्रश्नांत 8 ऐवजी लहान संख्या घेतल्या तर काय होतं ते पाहा. log₂ (2 + 2) = 2, आणि log₂ 2 + log₂ 2 सुद्धा 1 + 1 = 2. चुकीचा नियम डोळ्यादेखत सिद्ध झाला! दुसऱ्या जोडीत 4 घेतले तर (log₂ 4)² = 4 आणि log₂ (4²) = 4, पुन्हा तेच. घाईत उदाहरण रचताना आपला हात नेमका याच संख्यांकडे जातो. कोणताही नवा प्रश्न घालण्याआधी, मुलं नेहमी ज्या चुकीच्या रीतीनं जातात तिनं तो एकदा स्वतः सोडवून पाहा. उत्तर तेच आलं तर संख्या बदला.

इथपर्यंत दोन दिवस झाले आणि १९ प्रश्न झाले. मुलांनी अजून लॉगचं ‘समीकरण’ असं म्हणता येईल ते फारसं सोडवलेलं नाही, तरी त्यासाठी लागणारं सगळं हातून गेलंय: भाषांतर, नियम आणि ऋण संख्येची अडचण.

पाचवा टप्पा: समीकरणं (८ प्रश्न, आणि एक परतीचा)

log₂ (x − 1) = 3
log₂ (x − 3) = log₂ (2x − 1)
log₂ x + log₂ (x + 2) = 3
log₂ (x² + 2x) = 3
log₂ (1 − x) + log₂ (3 − x) = 3
log₂ x + log₄ x = 6
4ˣ − 2·2ˣ − 3 = 0
(log₂ x)² − 2 log₂ x − 3 = 0

पहिला प्रश्न सगळ्यांत सोपा, पण तपासताना सगळ्यांत जास्त तोच सांगतो. बरोबर उत्तर 9, कारण x − 1 = 2³. एखाद्याचं 8 आलं तर त्यानं log₂ x − log₂ 1 अशी फोड केली; log₂ 1 शून्य, म्हणून log₂ x = 3. त्याला चौथ्या टप्प्यावर परत पाठवा. 4 आलं तर त्यानं लॉग नुसता पुसून टाकला आणि x − 1 = 3 लिहिलं. 10 आलं तर त्यानं 2³ ऐवजी 3² घेतलं. हे दोघं तिसऱ्या टप्प्यावर परत. चार उत्तरं चार वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि कच्चं काम न पाहता तीस-चाळीस वह्या पाच मिनिटांत वेगळ्या करता येतात. संख्या निवडण्यावर इतका वेळ घालवायचा तो यासाठी.

दुसऱ्या प्रश्नात x = −2 येतं. ते घातलं की दोन्हीकडे log₂ (−5) होतं, म्हणून उकल नाही. वर्गसमीकरण नसतानाही खोटी उकल येऊ शकते, हे आधीच दिसलेलं बरं.

तिसरा आणि चौथा प्रश्न ही या वर्कशीटमधली सगळ्यांत महत्त्वाची जोडी आहे. ते शेजारी-शेजारी छापा आणि एकाच बैठकीत सोडवून घ्या. तिसऱ्यात दोन लॉग एकत्र केले की log₂ [x(x + 2)] = 3 मिळतं, म्हणजे x² + 2x = 8, अवयव (x − 2)(x + 4) = 0, म्हणून x = 2 किंवा x = −4. चौथ्यात थेट x² + 2x = 8, तीच दोन मूल्यं. पण तिसऱ्याची उकल फक्त 2, आणि चौथ्याच्या दोन्ही.

कारण असं. तिसऱ्या समीकरणात x आणि x + 2 हे दोन्ही वेगवेगळे धन असायला हवेत. लॉग एकत्र करताना ही अट सैल पडते. एकत्र झालेल्या लॉगला फक्त गुणाकार धन हवा असतो, आणि दोन ऋण संख्यांचा गुणाकारही धनच. x = −4 घातल्यावर −4 × −2 = 8 होतं, गुणाकाराला काहीच अडचण नाही, पण मूळ ओळीतल्या log₂ (−4) ला अर्थ नाही. चौथ्या समीकरणात तुकडे कधी नव्हतेच, म्हणून −4 तिथे हक्काची उकल आहे.

यावरून ताळा कुठे करायचा तेही ठरतं: दिलेल्या समीकरणात, लॉग एकत्र करण्याच्या आधीच्या ओळीत. पुष्कळ मुलं ताळा करतात, पण x² + 2x = 8 मध्ये. तिथे −4 बिनदिक्कत पास होतं. म्हणून सोडवायला लागण्यापूर्वीच ‘x > 0, x + 2 > 0’ अशी ओळ लिहायची सवय लावा आणि त्या ओळीला वेगळा गुण ठेवा.

एवढ्यावर थांबलात तर मुलं एक वेगळाच नियम शिकतील: ऋण उत्तर आलं की खोडायचं. तो मोडायला पाचवा प्रश्न आहे. (1 − x)(3 − x) = 8 म्हणजे x² − 4x − 5 = 0, म्हणून x = 5 किंवा x = −1. 5 घातलं तर 1 − x ची किंमत −4, म्हणून 5 बाद. −1 घातलं तर 2 × 4 = 8, सगळं धन. खोडावी लागते ती धन संख्या, राहते ती ऋण. ज्यांनी सवयीनं −1 खोडून 5 ठेवलं ते लगेच सापडतात. x चं चिन्ह पाहायचं नाही, लॉगच्या आत काय येतं ते पाहायचं, एवढंच सांगून त्यांना प्रश्न पुन्हा करू द्या.

सहाव्यात पाये वेगळे आहेत. पाया बदलायचं सूत्र लगेच काढू नका. x = 2ᵗ धरलं तर 4 = 2² असल्यामुळे log₄ x बरोबर निम्मा, t/2. मग t + t/2 = 6, t = 4, x = 16. पायांकडे न बघता लॉग जोडणाऱ्याचं उत्तर 8 येतं.

सातवा आणि आठवा हीसुद्धा जोडी. सातव्यात y = 2ˣ धरा, आठव्यात t = log₂ x. दोन्हीकडे वर्गसमीकरण एकच: y² − 2y − 3 = 0, मूळं 3 आणि −1. सातव्यात 2ˣ = −1 अशक्य, म्हणून फक्त x = log₂ 3. आठव्यात t = −1 पूर्ण वैध आहे, कारण लॉगची किंमत ऋण असू शकते; ऋण चालत नाही ते आतल्या संख्येला. म्हणून x = 8 किंवा x = 1/2. तेच −1 एकीकडे बाद आणि दुसरीकडे ग्राह्य, हे ज्याला कारणासह लिहिता येतं त्याला घात आणि लॉग यांतला फरक खरोखर कळलाय. आठव्यात एखादं मूल −3 = 0 वर येऊन अडकलं तर त्यानं (log₂ x)² ला 2 log₂ x मानलंय. हीच उणीव चौथ्या टप्प्यातल्या दुसऱ्या प्रश्नातही दिसलेली असेल, तिथे पाहा.

अठ्ठाविसावा प्रश्न पहिल्या दिवसाचाच: 2ˣ = 10. आता log₁₀ 2 = 0.3010 द्या आणि x दोन दशांश स्थळांपर्यंत काढायला सांगा. दोन्ही बाजूंचा 10 पायाचा लॉग घेतला की x × 0.3010 = 1, म्हणून x ≈ 3.32. काही जण log₁₀ 10 ला नुसतं 2 नं भागून 0.5 लिहितील. त्यांना चूक दाखवायला जाऊ नका. पहिल्या दिवशीचा कागद काढायला सांगा. ‘3 आणि 4 च्या मध्ये, 10/3 पेक्षा किंचित कमी’ ही ओळ त्यांच्याच अक्षरात तिथे आहे.